दुधाची बायुरेट चाचणी : जांभळा हवा, निळाच येतोय

काचनळी
नमस्कार मंडळी. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी अन्नघटकांच्या चाचण्या लावतो : प्रथिनांना बायुरेट, स्टार्चला आयोडीन, क्षपणकारी शर्करेला बेनेडिक्ट. बाकी नमुने सरळ उत्तर देतात, दूध मात्र देत नाही.

काय केलं ते नीट सांगतो. नळीत २ मिलि दूध घेतलं, २ मिलि १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, हलवलं, मग १ मिलि ५ टक्के मोरचुदाचं द्रावण. जांभळा न येता आकाशी निळा रंग आला आणि तळाशी जेलीसारखा निळा साका. त्याच बाटल्यांतली तीच द्रावणं, तेवढ्याच मापानं अंड्याच्या पांढऱ्यावर (पाणी न घालता, फक्त फेटून गाळलेल्या) वापरली तर सुरेख जांभळा. म्हणजे द्रावणं खराब नाहीत.

बेनेडिक्टमध्ये दूध थेट टाकून उकळत्या पाण्यात ठेवलं तर मळकट पिवळट-नारिंगी चिखल झाला, विटकरी साका काही खाली बसला नाही. आयोडीनला फक्त पिवळा, ते अपेक्षितच होतं.

आणि एक. एका मुलानं ती निळी बायुरेटची नळी बर्नरवर धरली आणि ती पिवळी-तपकिरी झाली. वर्गानं विचारलं, मग यात प्रथिन आहे की साखर? दुधात दोन्ही असतात हे पुस्तकातून सांगता येतं, पण नळीतून दाखवायचं कसं?

धूमकेतू
दूध पांढरं असल्यामुळे रंग झाकला जातोय. त्यात फॅट पण आहे. मोरचूद वाढवून बघा, २ मिलि घाला. रंग गडद झाला की पांढऱ्यावर मात करेल.

वसुधा_क
@धूमकेतू, पांढरेपणाचं बरोबर आहे, पण मोरचूद वाढवू नका. इथे अडचण नेमकी मोरचूद जास्त झाल्याची आहे. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायुरेटचा जांभळा रंग म्हणजे अल्कलीत असलेलं तांबं प्रथिनाच्या साखळीतल्या नायट्रोजनांना जाऊन चिकटणं. एका तांब्याभोवती साधारण चार नायट्रोजन बसतात. चिकटायला जागा मिळाली नाही तर उरलेलं तांबं हायड्रॉक्साइडशी मिळून निळा जेलीसारखा साका होतो. तुमच्या नळीच्या तळाशी बसलाय तो तोच.

आता ढोबळ हिशोब करून बघा. दुधात प्रथिनं साधारण ३.३ टक्के, म्हणजे २ मिलिमध्ये ६५ मिग्रॅच्या आसपास. अमिनो आम्लाच्या एका दुव्याचं वजन सरासरी ११० धरलं तर ०.६ मिलिमोल पेप्टाइड बंध झाले. चारांमागे एक तांबं, म्हणजे सगळं अगदी आदर्श जुळलं तरी ०.१५ मिलिमोल तांब्याला जागा. तुम्ही घातलेल्या १ मिलि ५ टक्के द्रावणात ५० मिग्रॅ मोरचूद आहे, त्यात तांबं ०.२ मिलिमोल. जागेपेक्षा तांबं जास्त. प्रत्यक्षात सगळ्या जागा भरत नाहीत, त्यामुळे उरणारं आणखीच जास्त.

अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच २ मिलिमध्ये तिप्पट जागा आहेत, त्यानं तुमचं सगळं तांबं पोटात घेतलं. म्हणून द्रावण तेच असून एका नळीत जांभळा आणि दुसरीत निळा. अंड्यात पाणी घालून पातळ केलं असतंत तर तिथेही निळाच दिसला असता.

मोरचूद १ टक्क्याचं करा आणि थेंबाथेंबानं घाला. एक थेंब, हलवा, बघा, मग पुढचा. हलवल्यावर निळा ढग विरून जातोय तोवर तांब्याला जागा मिळतेय. ढग विरेनासा झाला की थांबायचं, किंबहुना त्याच्या बरंच आधी थांबायचं. तापवायचं नाही.

धूमकेतू
हिशोब पटला. म्हणजे प्रथिन जितकं कमी तितकं मोरचूदही कमी लागणार. पण मग अगदी पातळ नमुन्यात रंग दिसणार कसा?

वसुधा_क
तिथे या चाचणीची मर्यादाच येते. फार पातळ नमुन्यात जांभळा इतका फिकट असतो की डोळ्यानं निळ्यापासून वेगळा करता येत नाही. म्हणून शेजारी तुलनेची नळी हवीच : तेवढंच पाणी, तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड, तेवढेच थेंब. दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरायच्या. तुलनेची नळी नसताना "जांभळट वाटतंय" असं लिहिणारी वही मी ग्राह्य धरत नसे.

मापनासाठी जे तयार बायुरेट द्रावण मिळतं त्यात सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट असतं. ते उरलेल्या तांब्याला विरघळलेलं ठेवतं, त्यामुळे साका पडत नाही आणि थेंब मोजण्याची कटकट बरीच कमी होते. ते मिळालं तर तेच वापरा.

अवनी_१२वी
मला एक विचारायचंय. बायुरेटमध्येही मोरचूद आणि अल्कली, बेनेडिक्टमध्येही तांबं आणि अल्कली. मग एकाच नळीत दोन्ही नाही का करता येणार? आधी गार असताना जांभळा बघायचा, मग तीच नळी तापवून विटकरी बघायचा. नमुनाही कमी लागेल.

वसुधा_क
प्रश्न छान आहे, आणि काचनळींच्या त्या विद्यार्थ्यानं नकळत हेच केलं.

दोन्हीकडे तांबं तेच, पण त्याचं होतं वेगळं. बायुरेटमध्ये तांबं तांबंच राहतं, फक्त त्याच्याभोवतीची मंडळी बदलतात आणि रंग निळ्याचा जांभळा होतो. बेनेडिक्टमध्ये साखर तांब्याला इलेक्ट्रॉन देते, त्याचं क्षपण होतं आणि क्युप्रस ऑक्साइड खाली बसतं. पहिल्याला उष्णता नको, दुसऱ्याला खोलीच्या तापमानाला फार वेळ लागतो म्हणून उकळतं पाणी लागतं.

साधं मोरचूद आणि सोडियम हायड्रॉक्साइड घेऊन साखर तापवणं ही १८४१ सालची ट्रॉमरची जुनी चाचणी. तिच्यातच त्रास होता. साखर कमी आणि तांबं जास्त झालं तर उरलेला निळा साका तापून काळं क्युप्रिक ऑक्साइड होतो आणि लाल रंग त्यात बुडून जातो. तांबं विरघळलेलं ठेवायला फेलिंगनं टार्ट्रेट घातलं. बेनेडिक्टनं पुढे सायट्रेट घातलं आणि तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडच्या जागी सोडियम कार्बोनेट आणलं. तुम्ही एकाच नळीत दोन्ही करायला गेलात तर जो त्रास या लोकांनी काढून टाकला तोच परत आणाल.

शिवाय १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये साखर तापवली की तांबं नसलं तरी द्रावण पिवळं, मग तपकिरी होतं. साखर स्वतःच अल्कलीत मोडते. त्यामुळे त्या मुलाच्या नळीतला पिवळा-तपकिरी रंग क्युप्रस ऑक्साइडचा की दुग्धशर्करा करपल्याचा, हे नुसत्या रंगावरून सांगता येणार नाही. @काचनळी, ती नळी ठेवलीय का? थोडा वेळ स्थिर ठेवून वरचा द्रव निवळतोय आणि तळाशी लाल-नारिंगी भुकटी बसतेय का ते बघा. द्रवच तपकिरी राहिला तर तो तांब्याचा पुरावा नाही.

काचनळी
नळी धुवून झाली, वसुधाताई. त्यामुळे ते गुपितच राहणार. पण दूध आणि सोडियम हायड्रॉक्साइड घेऊन, मोरचुदाऐवजी पाण्याचे थेंब घातलेली नळी तापवून बघता येईल, म्हणजे करपल्याचा रंग कसा दिसतो ते तरी कळेल.

वसुधा_क
जरूर करा, पण बर्नरवर नको. सोडियम हायड्रॉक्साइड असलेली नळी थेट ज्योतीवर धरली की आतला द्रव एकदम उसळून बाहेर येतो आणि डोळ्यात गेला तर कायमची इजा करतो. बीकरमधल्या उकळत्या पाण्यात उभी करा, डोळ्यांना चष्मा, नळीचं तोंड कुणाकडे नाही.

रानपाखरू
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वडिलांना मधुमेह आहे. "साखर नाही" असं लिहिलेली बिस्किटं आणतो. बेनेडिक्टचं द्रावण मिळालं तर घरी तपासून खात्री करता येईल ना? निळं राहिलं तर बिनधास्त द्यायची?

वसुधा_क
नाही, रानपाखरू, असं करू नका. दोन कारणं आहेत. नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, क्षपणकारी नाही. बिस्किट साखरेनं भरलेलं असलं तरी बेनेडिक्ट निळं राहू शकतं. सुक्रोज दाखवायचं तर आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळावं लागतं, मग खाण्याच्या सोड्यानं आम्ल मारून बेनेडिक्ट. आणि दुसरं, बिस्किट पिठाचंच असतं. त्यातला स्टार्च बेनेडिक्टला दिसत नाही, पण पोटात जाऊन त्याचं ग्लुकोजच होतं. निळी नळी वडिलांच्या रक्तातल्या साखरेबद्दल काहीच सांगत नाही. वेष्टनावरचा एकूण कर्बोदकांचा आकडा वाचा आणि डॉक्टरांशी बोला.

रानपाखरू
हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं. धन्यवाद.

पाटीपेन्सिल
मी विज्ञान शिकवतो. वसुधाताईंचं सगळं मान्य, पण मूळ प्रश्न राहिला : दुधातून दोन्ही घटक मुलांना स्वच्छ कसे दाखवायचे? आमच्याकडे साय काढलेलं दूध पाचपट पातळ करून थेट वापरतात. पांढरेपणा कमी होतो.

वसुधा_क
पातळ केल्यानं पांढरेपणा कमी होतो तसं प्रथिनही पाचपट कमी होतं. बायुरेटला ते परवडत नाही. साय काढलेलं दूध घ्यायचं हे मात्र चांगलं. सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर केसिनचे कण सुटे होतात आणि दूध हळूहळू अर्धपारदर्शक होतं. चरबी नसेल तर हे छान दिसतं. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर थोडं थांबून मगच मोरचूद घालावं.

पण माझ्या मते खरा मार्ग म्हणजे दूध फाडून दोन वाटा करायच्या. प्रथिन एका बाजूला, साखर दुसऱ्या बाजूला.

१० मिलि साय काढलेलं दूध, त्यात ४० मिलि कोमट पाणी, साधारण ४० अंशांचं. ढवळत ढवळत ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल थेंबाथेंबानं. पीएच ४.६ च्या जवळ आला की केसिनचे पांढरे पुंजके एकदम वेगळे होतात आणि मधलं पाणी फिकट हिरवट-पिवळं दिसायला लागतं. तिथे थांबा. आम्ल फार जास्त झालं तर केसिन पुन्हा विरघळायला लागतं. मग फिल्टर पेपरमधून गाळा.

कागदावरचा चोथा पाण्यानं धुऊन घ्या, म्हणजे त्याला चिकटलेली साखर निघून जाईल. त्यातला मटाराच्या दाण्याएवढा तुकडा २ मिलि १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काचेच्या कांडीनं चेपत विरघळवा. त्यात १ टक्के मोरचूद थेंबाथेंबानं. जांभळा असा येतो की कुणाला विचारायला नको.

खालच्या पाण्यात दुग्धशर्करा आहे, पण अजून प्रथिनंही आहेत. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण पाचवा भाग आम्लानं फाटत नाही. ते पाणी उकळा, बारीक पांढरे कण दिसतील, ते परत गाळून टाका. आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी : हे पाणी आंबट आहे. तसंच बेनेडिक्टमध्ये ओतलंत तर आम्ल कार्बोनेट खाऊन टाकतं आणि अल्कलीच उरत नाही. म्हणून चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घाला, फसफसणं थांबेपर्यंत. मग २ मिलि बेनेडिक्टमध्ये यातलं १ मिलि, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं.

दूध थेट बेनेडिक्टमध्ये टाकल्यावर चिखल का झाला तेही यातून कळेल. लाल कण तयार होत होते, पण प्रथिनांनी त्यांना तरंगतं धरून ठेवलं, खाली बसू दिलं नाही. त्यात दुधाचा पांढरा मिसळून मळकट रंग झाला. उत्तर चुकीचं नव्हतं, वाचता येत नव्हतं.

पाटीपेन्सिल
३५ मिनिटांच्या तासिकेत दोनदा गाळणं कसं बसवायचं? चोथा आणि पाणी आधीच तयार करून मुलांना दिलं तर त्यांनी दूध फुटताना पाहिलंच नाही. मग पुस्तकात वाचल्यासारखंच झालं. मी तरी थेट दुधावर थोडे थेंब, तुलनेची नळी आणि फिकट जांभळा, एवढ्यावर समाधान मानेन.

वसुधा_क
तासिकेचं तुम्हाला जास्त ठाऊक. दोन तासिका जोडून मिळाल्या तर मी दुसरं करेन. थेट दुधावर करायचं तर निदान शेजारी दूध, सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचुदाऐवजी तेवढंच पाणी अशी नळी ठेवा. नुसत्या पाण्याशी तुलना केली तर दुधाचा धुरकटपणाच जांभळा भासतो.

अवनी_१२वी
आयोडीनबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे बटाटा उकळून त्याच्या पाण्यात आयोडीन टाकलं तर काहीच झालं नाही. मैत्रिणीनं तीच नळी ठेवून दिली, थोड्या वेळानं बघितलं तर निळी. असं कसं?

धूमकेतू
हे मला माहीत आहे. पाणी गरम होतं. स्टार्चमधल्या अमायलोजच्या साखळीचा मळसूत्रासारखा पिळा असतो, आयोडीन त्याच्या पोकळीत जाऊन बसलं की गडद निळा दिसतो. गरम असताना ते आत टिकत नाही. गार झालं की परत बसतं. तापवून घालवा, गार करून आणा, असं खेळता येतं.

वसुधा_क
अगदी बरोबर. फक्त उघड्या नळीत फार वेळ उकळलं तर आयोडीन वाफ होऊन उडून जातं, मग गार करूनही रंग परत येत नाही. आणि आयोडीनची नळी नेहमी वेगळी ठेवा. बायुरेटच्या नळीत आयोडीन टाकलं तर सोडियम हायड्रॉक्साइड त्याला रंगहीन करून टाकतं आणि स्टार्च असूनही "नाही" असं उत्तर मिळतं. क जीवनसत्त्व भरपूर असलेल्या रसातही पहिले काही थेंब असेच नाहीसे होतात. तिथे रंग टिकेपर्यंत थेंब घालत राहायचं.

दुधात स्टार्च मिसळलाय का हे बघतानाही हाच क्रम : आधी दूध उकळायचं, म्हणजे स्टार्चचे कण फुगून फुटतात, मग पूर्ण गार करायचं, मग आयोडीन.

काचनळी
जोडून दोन तासिका मिळाल्या, म्हणून वसुधाताईंच्या पद्धतीनं केलं. चोथ्याची नळी पाहून मुलांनी हाका मारून एकमेकांना बोलावलं, इतका स्वच्छ जांभळा. सोडा घालून उदासीन केलेल्या पाण्याची नळी उकळत्या पाण्यात आधी हिरवी, मग पिवळी, शेवटी नारिंगी झाली आणि बीकरमधून काढून ठेवल्यावर तळाशी विटकरी थर बसला, वर निळसर निवळ पाणी. एका गटाला सोडा घालायचा नाही असं मुद्दाम सांगितलं होतं. त्यांच्या नळीत बेनेडिक्ट ओतताच फसफसलं, आणि उकळूनही फक्त हिरवट झाक आली.

मोरचूद न घातलेली दूध आणि सोडियम हायड्रॉक्साइडची नळीही उकळत्या पाण्यात ठेवली. तीही पिवळी होऊन तपकिरी झाली. म्हणजे त्या मुलाच्या नळीबद्दल दोन्ही शक्यता उभ्याच आहेत.

एक गोष्ट मात्र कळली नाही. पहिल्या गाळण्यानंतरचं पाणी, न उकळता, थेट बायुरेटला दिलं होतं. आधी फिकट जांभळट आला. नळी तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी जांभळा गेलेला, मळकट पिवळट रंग. आच दिलीच नव्हती.

धूमकेतू
साखरच असणार. त्या पाण्यात दुग्धशर्करा आहे, तांबं आहे, अल्कली आहे. उष्णता नसली तरी रात्रभराचा वेळ होता.

पाटीपेन्सिल
की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं अल्कली कमी झाली? नळी उघडी होती ना?

वसुधा_क
एवढं १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड एका रात्रीत अरुंद नळीच्या तोंडातून संपणार नाही. मला धूमकेतूंचं जास्त पटतं. पण पक्कं करायचं असेल तर दोन नळ्या लावा : एकीत धुतलेल्या चोथ्याचं द्रावण, दुसरीत तेच द्रावण अधिक थोडं ग्लुकोज. दोन्ही उघड्या, दोन्ही रात्रभर. फक्त ग्लुकोजवालीचा जांभळा गेला तर साखर. दोन्हींचा गेला तर पाटीपेन्सिल म्हणतात तिकडे किंवा आणखी कुठे बघावं लागेल. तोवर वहीत एवढंच लिहा की बायुरेटचा रंग पाच-दहा मिनिटांत वाचायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

शेवंती
उशिरा आले, पण दुधाचंच चाललंय म्हणून विचारते. लॅक्टोज-मुक्त दुधावर बेनेडिक्ट केलं तर निळं राहायला हवं ना? मला दूध पचत नाही म्हणून तेच घेते. त्यातलं लॅक्टोज खरंच गेलंय का ते यातून कळेल?

वसुधा_क
नाही कळणार, उलट रंग जास्त जोरात येईल. त्या दुधात लॅक्टोज काढून टाकलेलं नसतं, लॅक्टेज विकर घालून त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. लॅक्टोजच्या एका रेणूला तांब्याचं क्षपण करणारं एकच टोक असतं. तुकडे झाल्यावर दोन्ही तुकड्यांना आपापलं टोक मिळतं. बेनेडिक्टला फक्त टोकं दिसतात, कुणाची ते दिसत नाही.

अवनी_१२वी
मग बारफोड वापरलं तर? ते आम्लात असतं आणि एकेरी शर्करांना लवकर लाल देतं, दुहेरींना उशिरा, असं शिकलोय. साधं दूध आणि लॅक्टोज-मुक्त दूध, दोन्हींचं फाडून उकळून गाळलेलं पाणी, शेजारी शेजारी.

वसुधा_क
दिशा बरोबर आहे. वेळ घड्याळ लावून मोजा, कारण उकळत्या पाण्यात जास्त वेळ ठेवलं तर दुहेरी शर्कराही लाल देते आणि फरक पुसला जातो. दोन्ही पाणी एकाच पातळीला पातळ केलेली हवीत. आणि सोडा घालू नका, इथे आम्लच हवंय. एक अडचण मला दिसते : दुधाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि क्लोराइड बारफोडमध्ये अडथळा आणतं. किती आणेल ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

काचनळी
कॉपर अ‍ॅसिटेट कपाटात आहे. पुढच्या आठवड्यात दोन्ही दुधं आणतो आणि शेजारी नुसत्या लॅक्टोजच्या द्रावणात मीठ घालून एक नळी लावतो, म्हणजे क्लोराइडचं वेगळं कळेल. शेवंतीताई, निकाल इथेच टाकेन.